बाळंतपणाचा खर्च: वेटिंग पीरियड संपला नसेल तर

नाशिकला खासगी हॉस्पिटलात जानेवारी 2026 ला डिलिव्हरी आहे, विमा एप्रिल 2024 चा, वेटिंग 24 महिने. किती पैसे धरू?

सिझेरियनचं पूर्ण पॅकेज आणि वर बाळाची वेगळी रक्कम, सगळं खिशातून धरा. मी हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर बसते. वेटिंग, म्हणजे प्रसूतीचा खर्च विम्यातून मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजतात, तुमचं एप्रिल 2026 ला संपतं, त्यामुळे प्रसूतीचा क्लेम बसणार नाही. समजा पॅकेज 90,000 सांगितलं, तर बालरोगतज्ज्ञांची फी, लसी आणि काविळीसाठी बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायचा खर्च त्यात आहे का, हे लेखी घ्या. बाळाचं बिल पुष्कळदा वेगळं निघतं. बाळाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागलं आणि दिवसाचा दर 8,000 असेल तर तीन दिवसांचे 24,000 धरून 1,14,000 होतात. मात्र दोघांपैकी कुणाच्या नोकरीत ग्रुप विमा असेल तर एचआरला आधी विचारा. त्यात बऱ्याचदा वेटिंग माफ असतं.