ऑल्ट टेक्स्ट: पेटीतला हापूस ऐकायला कसा वाटतो?

फोटो गुगलवर वर यावा म्हणून ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोच्या लेखी वर्णनात, "देवगड हापूस आंबा हापूस पेटी ओरिजिनल हापूस ऑनलाइन स्वस्त" असं टाकलंय. तीन महिने झाले, काही फरक नाही. — आंबा बागायतदार, देवगड

ती ओळ आजच काढा. अशीच ओळ असलेलं एक पान माझ्या दृष्टिहीन मैत्रिणीने माझ्यासमोर टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या स्क्रीन रीडरवर, ऐकलं. हापूस, हापूस, हापूस ऐकून झाल्यावर तिने मला विचारलं, "पण आहेत किती? आणि पिकलेत का?" फोटोत ते दिसत होतं, तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. गुगललाही शब्दांचा असा ढीग नको असतो. फोटो कशाचा आहे हे तो ऑल्ट, आजूबाजूचा मजकूर आणि खुद्द चित्र यांवरून ठरवतो, आणि ऑल्टमध्ये शब्द कोंबू नका असं त्याच्या मार्गदर्शनातच लिहिलेलं आहे.

मग लिहायचं काय? बाजारात पेटी उघडल्यावर गिऱ्हाईक जे बघतं, तेच. आधी मालाचं नाव, मग नग, मग रंग.

```html
<img src="devgad-hapus-peti.jpg"
 alt="देवगड हापूसची एक डझनाची पेटी: पेंढ्यात मांडलेले बारा आंबे, देठाकडे पिवळे, टोकाकडे अजून हिरवट">
```

शोधणारा "देवगड हापूस पेटी" असंच टाइप करतो. ते शब्द इथे सुरुवातीलाच, एकदाच आणि वाक्यात आले आहेत. "अजून हिरवट" ऐकून मैत्रिणीला कळतं की चार दिवस अढीत ठेवावे लागतील. "चा फोटो" असं लिहू नका, स्क्रीन रीडर स्वतःच "इमेज" म्हणतो. "ओरिजिनल" फोटोत दिसत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे. तुमची त्यातली नोंदणी असेल तर ती खालच्या मजकुरात लिहा, म्हणजे सगळ्यांनाच वाचता येईल. भावही तिथेच, कारण तो रोज बदलतो आणि ऑल्ट बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

लाकडी भातुकलीच्या एकाच सेटचे पाच फोटो आहेत. पाचही ठिकाणी एकच ऑल्ट चालेल ना? — सावंतवाडी

नाही. ऐकणाऱ्याला तेच वाक्य पाच वेळा ऐकावं लागेल आणि पाच फोटो का काढले ते कळणारच नाही. तुम्ही प्रत्येक फोटो काहीतरी दाखवायला काढलात, तेवढंच लिहा. पहिल्यात पूर्ण सेट: "सावंतवाडीची लाकडी भातुकली, जातं, चूल आणि पोळपाटासह". दुसऱ्यात तळहातावरचं जातं असेल तर "भातुकलीतलं जातं तळहातावर, लिंबाएवढं". आकार नेमका इथेच कळतो. तिसरा रंगाची चकाकी जवळून दाखवत असेल तर रंग सांगा. पाचवा फोटो पहिल्यासारखाच, जरा तिरका असेल आणि लिहायला काही नवं सुचत नसेल, तर तो फोटोच काढून टाका.

यादीत प्रत्येक फोटोखाली मालाचं नाव आहेच. तिथेही ऑल्ट लागतं का? — कोकम-आमसूल विक्रेता, कुडाळ

फोटो आणि नाव एकाच लिंकमध्ये असतील तर ऑल्ट रिकामं ठेवा. नाहीतर "आमसूल पाव किलो, आमसूल पाव किलो" असं दोनदा ऐकू येतं, तेही वीस वस्तूंसाठी.

```html
<a href="/amsul"><img src="amsul.jpg" alt=""> आमसूल, पाव किलो</a>
```

रिकामं म्हणजे अवतरणचिन्हं हवीतच. `alt` अजिबात नसेल तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतात. मात्र लिंकमध्ये फोटोशिवाय काही नसेल तर ऑल्ट रिकामं ठेवू नका, कारण मग लिंकला नावच उरत नाही. शोधासाठी लागणारं पूर्ण वर्णन मालाच्या स्वतंत्र पानावरच्या मोठ्या फोटोला द्या. ऐकणारा आणि गुगल यांच्या गरजा जरा वेगळ्या होतात त्या या एकाच जागी, आणि इथे मी ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे.

दुकान इंग्रजीत आहे, गिऱ्हाईक मराठी. ऑल्ट मराठीत लिहिलं तर? — गुहागर

लिहा, पण भाषा सांगा. पान `lang="en"` असेल तर इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो किंवा ती गाळतो. फोटोलाच `lang="mr"` जोडा:

```html
<img src="kaju.jpg" lang="mr" alt="सोललेले अख्खे काजू, काचेच्या बरणीत">
```

ऐकणाऱ्याच्या फोनवर मराठी आवाज असेल तर तो तिथे वापरला जाऊ शकतो. एकाच ऑल्टमध्ये मराठी-इंग्रजी दोन्ही नावं मात्र कोंबू नका. मुंबईचे लोक "alphonso" शोधतात म्हणून तो शब्द हवा असेल, तर इंग्रजी पान वेगळं करून त्याचं ऑल्ट इंग्रजीत लिहा. बदल केल्यावर गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये शोधाचा प्रकार "Image" निवडून महिन्याभराने बघा. गुगल पान पुन्हा वाचेपर्यंत जुनंच दिसत राहतं.