मुलाखतीनंतरचा मेल: स्टेटमेंट, पेपरांची यादी आणि ‘काही होत नाही’

प्रश्न: मंगळवारी जर्मनीतल्या एका ग्रुपबरोबर पोस्टडॉकची झूमवर मुलाखत झाली. बरी झाली. शेवटी प्रोफेसर म्हणाल्या, छोटं रिसर्च स्टेटमेंट आणि पब्लिकेशन लिस्ट मेल कर. माझे दोन पेपर छापून आलेत, तिसरा मायनर रिव्हिजनमध्ये आहे, चौथा लिहून झालाय. गाईड म्हणतात तिसरा ‘ॲक्सेप्टेड’ म्हणून टाक, काही होत नाही. मेलमध्ये काय लिहू? स्टेटमेंट किती पानांचं हवं?

उत्तर:

‘काही होत नाही’ ऐकून मीही तेच केलं होतं, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे. आधीच सांगते, माझा विषय मटेरियल केमिस्ट्री. गणितवाल्यांकडे किंवा मानव्यशाखांत रीत वेगळी असू शकते.

माझी पीएचडी सुपरकपॅसिटरसाठीच्या मँगनीज ऑक्साइडच्या पातळ थरांवर. मुलाखत छान झाली होती, तुमच्यासारखंच स्टेटमेंट आणि यादी मागितली होती. माझा एक पेपर मायनर रिव्हिजनमध्ये होता. सर म्हणाले, ‘मायनर म्हणजे झालाच की.’ मी यादीत जर्नलचं नाव टाकलं आणि पुढे ‘ॲक्सेप्टेड’ लिहिलं. दोन दिवसांनी प्रोफेसरांचं उत्तर आलं: पेपर आमच्या कामाला अगदी जवळचा आहे, स्वीकारलेली प्रत पाठवता का, ग्रुप मीटिंगला वाचू. संशय वगैरे काही नव्हता, खरंच वाचायचा होता! मी हस्तलिखित पाठवलं. त्यांनी डीओआय विचारला. मग मला लिहावं लागलं की अजून रिव्हिजनच चालू आहे. ‘कळवल्याबद्दल आभार’ एवढी एक ओळ आली, आणि तीन आठवड्यांनी नकार.

तो पेपर पुढे सात आठवड्यांत स्वीकारला गेला. म्हणजे ‘रिव्हिजनमध्ये’ असं खरं लिहिलं असतं तरी माझं काहीही बिघडलं नसतं. याचाच राग अजून येतो. सरांवर नाही म्हणत मी, टाइप माझ्याच बोटांनी केलं होतं.

तेव्हा ‘ॲक्सेप्टेड’ हा शब्द संपादकाचं स्वीकृतीचं पत्र इनबॉक्समध्ये असेल तरच. तिसऱ्या पेपरपुढे ‘मायनर रिव्हिजन’ लिहा, सुधारित प्रत परत पाठवली असेल तर तेही महिन्यासकट लिहा. समोरच्याला त्यातून कळतं की परीक्षकांनी पेपर वाचलाय आणि तो टिकलाय. जर्नलचं नाव द्यायचं की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. मी स्वीकृतीपर्यंत देत नाही. काही लोक रिव्हिजनच्या टप्प्यावर देतात, त्यातही खोटं काही नाही.

चौथा पेपर यादीत नको. ‘लिहून झालाय’ याला बाहेरच्या माणसाच्या लेखी काही अर्थ नसतो, आणि चार ओळींत दोनच छापलेल्या दिसल्या की यादी फुगवल्यासारखी वाटते. सहलेखक तयार असतील आणि ज्या जर्नलला पाठवणार आहात त्याला प्रीप्रिंट चालत असेल, तर केमआर्काइव्हवर टाका. तिथे डीओआय मिळतो, मग ‘प्रीप्रिंट’ असा वेगळा मथळा देऊन यादीत खुशाल घाला. उद्यापर्यंत हे जमणार नाही. तोवर त्यातला निष्कर्ष स्टेटमेंटमध्ये एका वाक्यात येऊ द्या.

आता स्टेटमेंट. छोटं मागितलंय ना, मग दीड पान, फार तर दोन. माझं पहिलं पाच पानी होतं: पीएचडीचा सारांश दाबून बसवलेला, एक्सआरडीचे आलेख, सेमचे फोटो, सगळं. पुढे दुसऱ्या ग्रुपला पाठवलेलं दीड पानाचं होतं आणि तिथे काम झालं. त्याचा साचा सांगते. सुरुवातीला साधारण अर्ध्या पानात मी काय केलं आणि कुठे अडले: माझ्या थरांची धारकता दोन हजार चक्रांनंतर घसरत होती, मँगनीज विरघळून इलेक्ट्रोलाइटमध्ये जात असावं असा अंदाज होता, पण सिद्ध करायला आमच्याकडे साधनं नव्हती. मग त्यांच्याकडे काय आहे: सेल चालू असतानाच रामन मोजण्याची व्यवस्था, शिवाय इलेक्ट्रोलाइटमधलं मँगनीज मोजायला आयसीपी. शेवटच्या अर्ध्या पानात पहिल्या सहा महिन्यांत मी काय करीन: आधी माझेच थर त्यांच्या सेलमध्ये, मग रचना कधी बदलते आणि धातू कधी विरघळतो या दोन गोष्टी एकाच वेळपट्टीवर ठेवून कोणती आधी होते ते पाहणं. विरघळणं मुळीच दिसलं नाही तर पुढे कुठे शोधायचं, हेही एका वाक्यात होतं. नंतर प्रोफेसर म्हणाले की त्यांना तेच वाक्य आवडलं होतं.

पहिल्या स्टेटमेंटमध्ये आपण कुठे अडलो हे मी लपवलं होतं. पीएचडीत काहीच अडलं नाही म्हणणाऱ्या माणसाला नव्या लॅबची गरज काय, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

मेल मात्र सहा-सात ओळींचाच. मुलाखतीची वेळ ठरवताना जी मेलची साखळी झाली, तिलाच रिप्लाय करा, म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही. वेळेबद्दल आभार, मग मुलाखतीत निघालेल्या एखाद्या नेमक्या मुद्द्यावर एक-दोन वाक्यं (त्यांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाला तुम्ही अडखळलात, त्याचं नीट उत्तर दिलंत तर उत्तमच), मग सोबत काय जोडलंय ते. दोन वेगळ्या पीडीएफ, `Surname_ResearchStatement.pdf` आणि `Surname_Publications.pdf` अशा नावांच्या. झिप नको, वर्ड नको. आणि स्टेटमेंटमध्ये आधी अर्ज केलेल्या दुसऱ्या प्रोफेसरांचं नाव राहिलं नाही ना, ते शोधून बघा. हसू नका, माझ्या मैत्रिणीचं झालंय.

उद्याच पाठवा. त्यांनी निर्णयाची तारीख सांगितली असेल तर ती उलटून आठवडा जाऊ द्या, मग दोन ओळींचं स्मरणपत्र, एकदाच. तेवढ्यात तिसरा पेपर स्वीकारला गेला तर तेच कारण धरून लिहा, नुसत्या विचारणेपेक्षा ते बरं दिसतं.

जाता जाता, पीएचडीचं प्रोव्हिजनल हातात नसेल तर आजच अर्ज टाका. जर्मनीत पोस्टडॉकचा करार बहुतेक टीव्ही-एल या तिथल्या राज्यांच्या सरकारी वेतनकरारातल्या ई१३ श्रेणीत होतो आणि पदवीचा व आधीच्या अनुभवाचा कागद त्यांच्या प्रशासनाला लागतो, कारण श्रेणीतली पायरी त्यावर ठरते. आमच्या विद्यापीठातल्या एका विभागाने माझं प्रोव्हिजनल एका सहीसाठी चार महिने अडवलं. दर वेळी ‘साहेब मीटिंगमध्ये’. रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली, ती माझ्या खर्चाने.

आणि नावाचं बघा. माझे पहिले दोन पेपर माहेरच्या आडनावाने, पुढचे सासरच्या, मध्ये कुठे वडिलांचं आद्याक्षर आहे, कुठे नाही. गूगल स्कॉलरवर तर माझ्या खात्यात दुसऱ्याच कुणाचे शेतीवरचे पेपर शिरले होते. तुमचं असं काही असेल तर ऑर्किडमध्ये नावाची सगळी रूपं भरा, तो क्रमांक यादीच्या वर द्या आणि प्रत्येक पेपरात आपलं नाव ठळक करा. छापताना जे नाव होतं तेच ठेवा, यादीत परस्पर बदलू नका.