बाऊ करताय की खरंच काही दिसतंय?

टोरांटोच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. "सासरे नागपुरात एकटे. एकच गोष्ट तीनदा सांगतात, लाईटचं बिल दोनदा भरलं, आणि परवा जयप्रकाश नगर मेट्रो स्टेशनवरून घरी येताना स्वतःच्या गल्लीचं वळण सापडेना. हे म्हणतात, तू उगाच बाऊ करतेस."

माझं नेहमीचंच सांगणं आहे, वही काढा. डाव्या पानावर फक्त घडलेलं, तारीख-वेळेसकट. उजव्या पानावर तुम्ही काढलेला अर्थ. "वळण सापडेना" हे डावीकडे, "डिमेन्शिया" उजवीकडे. तुम्ही नवऱ्याला थेट उजवं पान वाचून दाखवलंत, ताई. मुलगा तो, घाबरणारच.

आता तिन्ही गोष्टी तोलू. जुना किस्सा पुन्हा सांगणं हलकं, म्हातारपणी सगळेच सांगतात. बिलाचं वजन माणसावर ठरतं. आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेल्याची ही चूक असेल तर ती मोजायची, कारण तुलना त्यांच्या जुन्या स्वभावाशी करायची, शेजाऱ्यांशी नाही. रोजच्या पायाखालची वाट चुकणं मात्र जड. नाव विसरून मागाहून आठवणं वयाचं असतं, हे तसं नाही.

विरुद्ध जाणारंही लिहा. औषधं वेळेवर घेतात? नातीचा वाढदिवस आठवला? शिवाय तुमचा फोन दुपारच्या सुट्टीत, म्हणजे नागपुरात रात्री दहाच्या पुढे. दमलेला माणूस अडखळतोच. दोन आठवडे तिथल्या सकाळी करून बघा. शेजारच्या काकूंना "विसरतात ना हो?" असं विचारू नका, त्या हो म्हणतील. "काका कसे आहेत हल्ली?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आमच्या धंतोलीच्या मामांचं असंच झालं. मामी म्हणायची, "हे विचारलं एक, सांगतात भलतंच." घरात कुणी मनावर घेईना. मामीनं कॅलेंडरवर टिपलं, तेव्हा दिसलं की गोंधळ फक्त फोनवर आणि गर्दीत होतो. कान तपासले, ऐकू कमी येत होतं. मामीला दिसलं ते खरं होतं, कारण वेगळं निघालं.

म्हणून नवऱ्याला रोगाचं नाव न घेता डावं पान दाखवा आणि एवढंच मागा: कान, बी-१२, थायरॉइड, चालू औषधांची यादी (झोपेच्या गोळ्या विशेषतः), मन उदास आहे का, आणि मग स्मरणशक्तीची तपासणी. यातली काही कारणं उपचारानं सुधारतात. तरी "बाऊ" म्हणाले, तर यातली कुठली नोंद चुकीची आहे ते विचारा. आणि गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. वयस्कर माणसाला साध्या लघवीच्या संसर्गानंही तसं होतं.

मुलीच्या मराठी वर्गाचं विचारलंत, तर जाऊ द्या तिला, कुरकुरली तरी. डिसेंबरची तिकिटं काढाल तेव्हा पहिल्या दिवशी बाबांसोबत स्टेशनपासून घरापर्यंत चाला, वाट त्यांना दाखवू द्या.