कानपिळीचा मान आणि न येणारा भाऊ

सांगली, विश्रामबाग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. चुलतबहिणीचं लग्न गुरुवारी, तासगावकडच्या गावात. त्याच दिवशी चाकणला तुझ्या कंपनीत ऑडिट. नोकरीला चार महिने झालेत, त्यामुळे रजेचा विषयच नाही. आणि तू विचारतोस, ‘तात्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कसं लिहू?’

लिहू नकोस. फोन कर. पण फोन करण्याआधी एक गोष्ट लक्षात घे. तू नुसता पाहुणा असतास तर गोष्ट सोपी होती. पाचशे माणसांच्या मांडवात एक माणूस कमी, कोण मोजतंय! पण त्या पोरीला सख्खा भाऊ नाही. लाजाहोमाला तिच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या तू, आणि नवरदेवाचा कान पिळायचा तोही तू. तू येणार नाहीस याचा अर्थ मांडवात एक जागा रिकामी राहणार. तात्यांना राग येईल तो या जागेसाठी येईल.

हे मी अनुभवानं सांगतोय. पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांच्या मुलीच्या लग्नाला मी असाच अडकलो होतो. स्पष्ट ‘नाही’ म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून ‘बघतो, जमवतो’ म्हणत राहिलो. आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ ‘येतो’ असाच धरतात. लग्नाच्या दिवशी स्पीकरवरून ‘मुलीचे बंधू, जिथं असतील तिथून स्टेजवर यावं’ असा तीनदा पुकारा झाला. भटजी थांबले, नवरदेव कान पुढं करून बसलेला, बायका हसायला लागल्या. शेवटी शेजारच्या एका पोराला पुढं ढकललं. माझ्या नावानं आणलेला फेटा त्याच्या डोक्यावर गेला. चुलते मला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवाळीला फराळाचं बोलावणं मात्र आलं नाही.

म्हणून लवकर सांग. पत्रिका छापायला जायच्या आधी सांगितलंस तर उत्तम. पत्रिका एकदा गणपतीपुढं ठेवली, की तात्या-काकू ती घेऊन तुमच्या घरी कुंकू लावायला येणार. त्या वेळी ‘मी येणार नाही’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. पत्रिका दोन्ही हातांनी घ्यायची, पाया पडायचं. शुभ कामासाठी दारात आलेल्या माणसाला नकार ऐकवत नाहीत. नकाराचं बोलणं त्याआधी होऊन गेलेलं असावं.

आईकडून निरोप पाठवायचा मोह होईल. तसं केलंस तर चार दिवस जावा-जावांत तुझ्या आईला ऐकून घ्यावं लागेल, ‘शिकली पोरं, शिंगं फुटली’ म्हणून. तुझं तूच बोल, आणि आधी तात्यांशी. बहिणीशी नंतर, त्याच रात्री. तिला आधी सांगितलंस तर ती रडेल, काकूंना कळेल, आणि तात्यांना ते तिसऱ्याकडून समजेल. यात रुसव्याचं निम्मं कारण तयार झालं.

कारण एकच सांग, खरं सांग. ‘ऑडिट आहे, शिवाय तब्येतही जरा बरी नाही, गाडीचंही बघायचंय’ अशी तीन कारणं दिलीस, की माणसाला तिन्ही खोटी वाटतात. आजारपणाचं नाव तर काढूच नकोस. चाकणला निम्मा तालुका कामाला आहे. कोणीतरी तुला कँटीनमध्ये बघितलेलं असतं. आणि नुसतं ‘रजा मिळत नाही’ म्हणू नकोस. तात्या म्हणतील, ‘सायबाचा नंबर दे, मी बोलतो,’ आणि ते खरंच बोलतील! त्यांना त्यांच्या भाषेत सांग. साधारण असं:

‘तात्या, एक अवघड बोलायचंय. लग्नादिवशी मला येता येत नाही. त्याच दिवशी कंपनीत ऑडिट लागलंय आणि माझ्या मशीनचे कागद मलाच दाखवायचेत. व्यापारी द्राक्ष तोडायला बागेत आला आणि मालकच घरी नाही, असं होईल ते. मला वाईट वाटतंय. माझ्या जागी कोणाला उभं करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही सांगाल त्याच्याशी मी स्वतः बोलतो.’

यातलं शेवटचं वाक्य मुद्दाम तसं आहे. ‘आत्याच्या पोराला सांगा की’ असं तू सुचवायचं नाहीस. मान द्यायचा अधिकार तात्यांचा. शिवाय मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क मानायची आपली जुनी रीत, त्यामुळे त्यालाच भाऊ म्हणून उभं केलं तर बायकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळतो. मावसभाऊ चालेल की दुसरा चुलतभाऊ, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तात्या चिडतील. ‘लग्नापेक्षा नोकरी मोठी झाली का?’ हे वाक्य येणारच. त्याला उत्तर देऊ नकोस. प्रश्नासारखं दिसतं, पण ते रागाचं बोलणं आहे. ‘तुमचं खरं आहे तात्या’ म्हण आणि गप्प राहा. त्यांनी फोन ठेवला तर ठेवू दे. त्यांनी मावसभावाचं नाव घेतलं किंवा फेट्याचं काय करायचं विचारलं, की समज, गाडं पुढं सरकलं. नुसतं ‘बरं बरं’ म्हणाले तर मात्र राग आत आहे. मग दोन दिवसांनी पुन्हा फोन करायचा, कामाचं काहीतरी विचारायला.

आता भरपाईचं. लग्नाच्या आधीच्या रविवारी गावी जा आणि तुमच्या घरी बहिणीचं केळवण कर. आईला सांग, पुरणपोळी तुझ्या पैशांची. आहेर तेव्हाच तिच्या हातात दे. लग्नात दुसऱ्याच्या हाती पाठवलेलं पाकीट वहीत कुणाच्या नावावर चढेल याचा नेम नसतो. आणि काकूंना विचार, मांडवाचं एखादं काम त्या दिवशी उरकता येतं का. तांदूळ रंगवून अक्षतांच्या पुड्या बांधायच्या असल्या तर बस त्यांच्यात.

लग्नाच्या दिवशी सकाळी फोन करू नकोस, कोणी उचलणार नाही. त्या दिवशी स्टेटसला हॉटेलातला फोटोही नको. रात्री नऊच्या सुमारास तात्यांना फोन कर. तोवर पोरीला वाटं लावलेलं असतं, घर एकदम रिकामं होतं आणि मुलीचा बाप ओसरीवर नुसता बसलेला असतो. ‘जेवलात का तात्या?’ एवढंच विचार. मांडवपरतणीला ती माहेरी आली, की शनिवारी रात्रीची गाडी पकडून ये. नवरदेवाचा कान तेव्हा पिळून घे. तो हसेल, आणि तात्याही.

उद्याच बोलून टाक. साडेआठनंतर लाव, त्याआधी धारा आणि डेअरीची गडबड असते.

तुझा,
सर