व्हेक्टर लोगोचा बेव्हल टोकांशी का फाटतो?

प्रश्न: आमच्या संस्थेचा लोगो एसव्हीजीमध्ये आहे. ब्लेंडरमध्ये जाडी देऊन बेव्हल लावला की अरुंद जागी आणि टोकांशी कडा एकमेकींत घुसतात. मिलिंग किंवा थ्रीडी प्रिंटिंगसाठी स्वच्छ कडा कशा मिळतील? रीमेश करावे का?

उत्तर:

रीमेश मुळीच करू नका. दोष मेशमध्ये दिसत असला तरी तो तिथे जन्मत नाही. तो बाह्यरेषेत आणि बेव्हलच्या रुंदीत असतो, आणि तिथेच तो दुरुस्त करावा लागतो.

मी एका साइन बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करत असताना याच विषयावर माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी दीर्घ वाद झाला होता. त्यांचे म्हणणे असे होते की ग्राहकाने दिलेल्या व्हेक्टरला हात लावायचा नाही, जे काही बिघडेल ते मेशमध्ये सावरायचे. ज्या कामावरून हा वाद पेटला त्यातला लोगो साधा होता: ३०० मिमी व्यासाचे एक वर्तुळाकार कडे, त्याची पट्टी ६ मिमी रुंद, आणि आत दोन्ही बाजूंना निमुळते होत गेलेले एक पान. बेव्हल ४५ अंशांचा आणि ४ मिमी रुंद हवा होता. आता पट्टी ६ मिमी असेल आणि दोन्ही कडांनी ४ मिमी आत यायचे असेल, तर एकूण ८ मिमी जागा लागते. ती नाही, म्हणून आतली कड बाहेरच्या कडेला ओलांडून पलीकडे जाते. पानाच्या टोकाशी तर रुंदी शून्यापर्यंत उतरते, त्यामुळे तिथे कितीही बारीक बेव्हल घेतला तरी कुठेतरी हेच घडणार.

ब्लेंडर हे ओलांडणे थांबवत नाही. तिथे वक्राला दिलेला बेव्हल मूळ रेषेच्या बाहेर वाढतो, म्हणून आकार मूळ मापात ठेवण्यासाठी आपण `Offset` मध्ये तेवढीच ऋण संख्या भरतो. प्रोग्राम मग प्रत्येक बिंदूला त्याच्या लंबदिशेने आत सरकवतो. समोरची कड किती जवळ आली आहे हे तो पाहत नाही. अशी स्वतःला छेदणारी मेश वरवर बंद आणि निर्दोष दिसते, आणि मेशमधले दुहेरी बिंदू जोडलेले असतील तर `Select Non Manifold` मध्येही ती सापडत नाही, कारण प्रत्येक कडेला दोनच पृष्ठे असतात. ती थ्रीडी प्रिंट टूलबॉक्समधल्या `Intersections` तपासणीत सापडते, किंवा स्लायसरमध्ये थर एकेक करून पाहताना टोकाजवळ अचानक पोकळी अथवा सुटे बेट दिसते.

सहकाऱ्यांनी त्या मेशला अर्ध्या मिलिमीटरचे व्हॉक्सेल रीमेश लावले. छेद गेले, तपासणी स्वच्छ आली, आणि त्यांनी विषय संपल्याचे जाहीर केले. परंतु व्हॉक्सेलच्या जाळीला धारदार कड ठाऊकच नसते. बेव्हल आणि सपाट माथा जिथे मिळतात ती रेषा, जिच्यावर प्रकाश पडून साइन उठून दिसते, ती मिलिंगनंतर बारीक लाटांची झाली. व्हॉक्सेल ०.१ मिमी केला असता तर एवढ्या आकाराच्या साइनची पृष्ठे दशलक्षांत गेली असती आणि लाटा केवळ लहान झाल्या असत्या.

मी तेच काम व्हेक्टरपासून पुन्हा केले. लोगो चित्रावरून आपोआप ट्रेस केलेला असल्याने पानाच्या टोकाशी नोड्सचा पुंजका होता, आणि एवढ्या जवळच्या नोड्समध्ये रेषेची दिशा सतत हेलकावते. इंकस्केपमध्ये मी तो पुंजका काढून टोकाला एकच कोनीय नोड ठेवला. `Simplify` मी वापरले नाही, कारण ते टोकाबरोबर सगळ्या आकाराला थोडे थोडे हलवते. त्यानंतर लोगोच्या प्रतीवर बेव्हलच्या रुंदीएवढा `Inset` दिला. इंकस्केप उलटे पडलेले वळसे कापून टाकते, त्यामुळे जे उरते तोच बेव्हलनंतरचा खरा सपाट माथा असतो. आमच्या कड्याची पट्टी ४ मिमीला पूर्णपणे नाहीशी झाली. ही चाचणी मेश बनवण्यापूर्वीच करावी, असे माझे ठाम मत आहे.

येथे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे बेव्हल २.५ मिमीवर आणणे, म्हणजे पट्टीवर १ मिमी सपाट माथा शिल्लक राहतो. दुसरा म्हणजे दोन्ही उतार मधोमध मिळू देणे, जसे कौलारू छपराचे दोन उतार आढ्यावर मिळतात. ४५ अंशांच्या उतारात ६ मिमीच्या पट्टीचे आढे ३ मिमी उंचीवर येते आणि टोकाकडे ते आपोआप उतरत जाते. आम्ही हाच मार्ग घेतला. कोड लिहून थ्रीडी आकार बनवणाऱ्या ओपनएससीएडीच्या विकासाधीन आवृत्तीत `roof()` नावाची प्रायोगिक सोय नेमके हेच करते. ती प्राधान्यक्रमांतून सुरू करावी लागते.

```
$fn = 64;
module logo() import("logo.svg", center = true);
linear_extrude(12) logo();
translate([0, 0, 12]) intersection() {
  roof() logo();
  linear_extrude(4) square(400, center = true);
}
```

यात १२ मिमी सरळ भिंत, वर ४५ अंशांचा उतार आणि ४ मिमी उंचीवर सपाट माथा मिळतो. जिथे जागा नाही तिथे माथ्याऐवजी आढे येते.

`$fn` म्हणजे वक्राचे किती सरळ तुकडे पाडायचे ती संख्या, आणि ती विचारपूर्वक द्यावी. ब्लेंडरमध्ये बेझिए वक्राच्या दोन नोड्समध्ये मुळात १२ तुकडे पडतात. चार नोड्सच्या आमच्या वर्तुळात त्यामुळे प्रत्येक तुकडा जवळपास २० मिमी लांब होता आणि मधोमध खऱ्या वक्रापासून सुमारे ०.३ मिमी आत होता. रंग लागल्यावर असे पैलू लांबूनही दिसतात. ६४ तुकड्यांत हाच फरक ०.०१ मिमीच्या आसपास येतो.

प्रिंटिंगसाठी एवढे पुरे आहे. मिलिंगसाठी मात्र मी एसटीएल देण्याच्याच विरोधात आहे, आणि त्या सहकाऱ्यांना हे शेवटपर्यंत पटले नाही. ९० अंशांचे व्ही-बिट बाह्यरेषेवरून माथ्याच्या ४ मिमी खाली चालवले की ४५ अंशांचा बेव्हल अवजाराच्या आकारातूनच कापला जातो, आणि अरुंद पट्टीवर दोन्ही बाजूंचे काप मिळून आढेही तयार होते. कडेला पैलू पडत नाहीत, कारण सीएएमला मूळ वक्र मिळतो. बिटचे टोक किंचित बोथट असते, म्हणून ते अर्धा मिमी अधिक खोल आणि तेवढेच रेषेबाहेरून चालवावे. उताराची जागा बदलत नाही.

काही मर्यादा सांगायला हव्यात. ६ मिमीचे एंड मिल आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्या सोडतेच, म्हणून व्हेक्टरमध्येच तिथे ३.२ मिमीची गोलाई द्यावी, म्हणजे कटर कोपऱ्यात अडून खूण पाडत नाही. प्रिंटिंगमध्ये ०.४ मिमी नोझलपेक्षा बारीक टोक स्लायसर गाळू शकतो, तेव्हा ते आधीच किंचित गोल करावे. ०.२ मिमी थरात ४५ अंशांच्या उतारावर पायऱ्याही ०.२ मिमी रुंद असतात, पण २० अंशांवर त्या अर्ध्या मिलिमीटरहून रुंद होतात. तुमचा बेव्हल असा उथळ असेल, तर ही कृती मेश स्वच्छ देईल, परंतु प्रिंटवरच्या पायऱ्या पातळ थर किंवा पॉलिश पेपर यांनीच घालवाव्या लागतील.