ताळमेळ जुळला, तरी पैसे दोनदा आलेले

महिनाअखेरीस बँकेचा ताळमेळ पैशाला पैसा जुळतो. मग एकच बिल ग्राहकाने दोनदा भरलंय हे कळणार कसं?

ताळमेळातून कळणारच नाही. दोन्ही रकमा खरोखर बँकेत आलेल्या, दोन्ही वहीत नोंदलेल्या. फरक शून्यच येतो. माझ्या हाताखालच्या एका कारकुनाला हे सापडलं ते ग्राहकांच्या खात्यांत. ताळमेळ संपवून तो येणेबाकीची यादी वरून खाली वाचत होता. सगळ्यांची बाकी नावे, एकाचीच जमा: 48,600. ज्याच्याकडून येणं असायचं, त्याचंच आपण देणं लागत होतो! त्याने खातं उघडलं. 12 तारखेला 48,600, 27 तारखेला पुन्हा 48,600, आणि तेवढ्या रकमेचं बिल एकच. दोन्ही ओळींसमोर पेन्सिलीने खूण करून त्याने बँकेचं स्टेटमेंट काढलं. तिथेही दोन ओळी, व्यवहार क्रमांक वेगवेगळे. तिथे एकच ओळ असती, तर आपणच पावती दोनदा नोंदवली असा अर्थ झाला असता. पण ती चूक ताळमेळातच फरक म्हणून वर येते.

आमच्या एका ग्राहकाचं बिल दर महिन्याला सारख्याच रकमेचं असतं. तिथे काय करायचं?

तिथे रकमेवर विसंबू नका, पैशांसोबत आलेला बिल क्रमांक बघा. या कारकुनाच्या प्रकरणात दोन्ही वेळा एकच क्रमांक होता, म्हणून शंका उरली नाही. क्रमांक नसेल तर खातेउतारा पाठवून ग्राहकालाच विचारा. आणखी एक धोका आहे: त्या ग्राहकाची दुसरी बिलं थकलेली असली, तर दुबार रक्कम त्यांत आपोआप वळती होते आणि जमा बाकी दिसतच नाही. म्हणून रक्कम कुठल्या बिलात वळती केली, हे बिलागणिक तपासावं लागतं.

साहेब म्हणतात, ग्राहकाने मागितलं नाही तर रक्कम उत्पन्नात घ्या. घेऊ का?

नका घेऊ. ते पैसे ग्राहकाचे आहेत, वहीत ते देणं म्हणूनच दिसायला हवेत. परत करायचे की पुढच्या बिलात वळते करायचे, हे ग्राहकाकडून लेखी घ्या. परत करताना ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवा. कोणी घाईने दुसरंच खातं देऊ लागलं तर थांबा; फसवणुकीची ही ओळखीची चाल आहे. चेक असेल तर आधी तो वटू द्या.

आमच्या कारकुनाने ग्राहकाला फोन केला, तेव्हा कारण कळलं आणि मला वाईट वाटलं. 12 तारखेची पावती आमच्याकडे 18 ला नोंदली गेली होती आणि थकबाकीचं स्मरणपत्र 15 लाच गेलं होतं. ते वाचून तिथल्या दुसऱ्या माणसाने इमानदारीने बिल पुन्हा भरलं. आता त्या दिवसापर्यंतच्या पावत्या नोंदल्याशिवाय आम्ही एकही स्मरणपत्र काढत नाही.