लेव्हल किती ठेवायची? ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगसाठी सुरुवातीचा सल्ला

आधी रेकॉर्डरचं ऑटो लेव्हल बंद करा. ताशाची तर्री थांबली की ते गेन वाढवत नेतं, मागची गर्दी फुगते आणि पुढचा ठोका फुटतो.

२४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर पथक पूर्ण जोरात वाजत असतानाच गेन लावा, सराव सुरू होण्याआधीच्या शांततेत नाही. सगळ्यात मोठा ठोका -१२ डीबीच्या आसपास आला पाहिजे. मीटर अर्धवट भरलेलं दिसतं म्हणून गेन वाढवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. कमी लेव्हल नंतर वाढवता येते, शून्याला कापला गेलेला ठोका परत येत नाही.

३२ बिट फ्लोटमध्ये ही काळजी बरीचशी मिटते. मीटर शून्याच्या वर गेलं तरी फाइलमध्ये आवाज शाबूत असतो, एडिटरमध्ये लेव्हल खाली आणायची. मात्र ती फाइल एमपी३ किंवा १६ बिटमध्ये बदलण्याआधी आणा, नाहीतर तिथे कापली जाईल.

पण आवाज माइकमध्येच फुटला तर फ्लोटचा काही उपयोग नाही. ढोलाच्या अगदी तोंडाशी रेकॉर्डरच्या अंगच्या माइकमध्ये आवाज सहज फुटतो. ओळखायचं कसं? एडिटरमध्ये २० डीबी कमी करून लाट झूम करून बघा. टोकं गोलसर किंवा अणकुचीदार दिसली तर ठीक. सपाटच राहिली तर आवाज माइकपाशीच कापला गेलाय. मग उपाय एकच: चार-पाच मीटर मागे सरका.

वाऱ्याने माइकमध्ये आवाज फुटला तरी फ्लोट वाचवत नाही. माइकला फोमची टोपी घालाच.